बाईंच्या निरोपाचं कॅरोसेल : आठवणी रविवारी रात्री ९ पर्यंत

मित्रमैत्रिणींनो, गणिताच्या बाई ३१ तारखेला निवृत्त होतायत. त्याच संध्याकाळी इन्स्टाग्रामवर कॅरोसेल टाकू. ठाण्यात असलेले आपण काहीजण नौपाड्यात बाईंच्या घरी जाऊन ते मोठ्या स्क्रीनवर दाखवू.

एका पोस्टमध्ये २० स्लाइड बसतात. पहिली बाईंच्या फोटोची, शेवटची सगळ्यांच्या आभाराची. उरल्या १८, आणि आपण ४१ जण. म्हणजे एका स्लाइडवर दोघंतिघं, म्हणून प्रत्येकी २५ शब्दच. जास्त लिहिलंत तर अक्षर बारीक होईल, आणि बाईंचा चष्मा आठवतोय ना?

"बाई खूप छान शिकवायच्या" असली आठ वाक्यं आलीत, ती परत पाठवतोय. एक प्रसंग लिहा. उदाहरणार्थ, हे आलंय : "मसावि कळेना, तेव्हा बाईंनी डब्यातले १२ शेंगदाणे आणि १८ चणे सारखे वाटायला लावले. सहाच वाटे झाले."

- सोबत नाव, दहावीचं वर्ष.
- जुना फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर धूसर होतो.
- फोटोत इतर कोणी असेल तर आधी विचारा.
- टोपणनावं नकोत. बाईंना माहीत असलेलीसुद्धा!
- ग्रुपवर नको, मला वैयक्तिक पाठवा. बाईंची भाची इथेच आहे.