न घेतलेल्या नोंदी घेतल्यासारख्या दाखवल्याबद्दल तक्रार

मांद्रे, पेडणे, गोवा
22 ऑक्टोबर

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: स्पर्धकांच्या खात्यांच्या रोजच्या नोंदींत भरलेले खोटे आकडे

महोदय,

मी मांद्र्यात पाच खोल्यांचं होमस्टे चालवते. आजूबाजूच्या चार होमस्टेंची इन्स्टाग्राम खाती मी तुमच्या सेवेत टाकून ठेवली आहेत. रोज सकाळी सहाला त्यांच्या फॉलोअर्सची आणि पोस्टची नोंद घ्यायची, म्हणजे सीझन संपल्यावर कोणाचं काय चाललं ते शेजारी-शेजारी ठेवून बघता येईल, एवढ्यासाठी मी वर्षाचे पैसे भरले.

15 ऑक्टोबरच्या तुमच्या अहवालात आश्व्यातल्या एका होमस्टेचा आलेख पट्टीने रेघ ओढावी तसा सरळ वर गेलेला होता. 3 तारखेला 8,420 फॉलोअर्स, 14 तारखेला 8,827, आणि मधल्या प्रत्येक दिवशी बरोबर 37 ची वाढ. खाली शेरा: ‘सातत्यपूर्ण वाढ’. ते लोक रोज एक रील टाकत होते, म्हणून मला वाटलं हा रोजच्या रीलचाच परिणाम. दुसऱ्याच दिवशी म्हापशाचा एक मुलगा बोलावून सहा रील करून घेतल्या. नऊ हजार रुपये गेले.

अकरा दिवस रोज 37 च? आमच्याकडे तर पावसाचे थेंबही इतके शिस्तीत पडत नाहीत. पण हे मला सुचलं उशिरा, भाच्याची वही चाळताना. त्याने 9 तारखेला सहज म्हणून त्याच खात्याचा आकडा लिहून ठेवला होता: 9,112. त्या दिवशी तुमच्या तक्त्यात 8,642 आहे. तब्बल 470 चा फरक.

झालं होतं असं. त्या लोकांनी ‘फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, दोन रात्री फुकट राहा’ अशी स्पर्धा ठेवली होती. 10 तारखेला निकाल लागला आणि बक्षीस न मिळालेली माणसं निघून गेली. म्हणजे 9 तारखेपर्यंत 692 वाढले आणि 14 पर्यंत त्यातले 285 गळाले. मला बघायचा होता तो हाच चढ-उतार, आणि तुमच्या सरळ रेघेने नेमका तोच झाकला.

फोनवर तुमच्या माणसाने सांगितलं की माझ्या इन्स्टाग्राम खात्याची तुमच्या सेवेशी असलेली जोडणी 4 ऑक्टोबरला संपली होती, ती मी 13 च्या संध्याकाळी पुन्हा जोडली, म्हणून मधल्या दहा नोंदी झाल्याच नाहीत. त्या ‘सिस्टमने भरल्या’. जोडणी मी 5 ऑगस्टला केली होती आणि ती परवानगी 60 दिवस चालते. कधी संपणार हे तुम्हाला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. आठवडाभर आधी एक ईमेल टाकली असती तर हे घडलंच नसतं.

इन्स्टाग्राम दुसऱ्याच्या खात्याचा आत्ताचा आकडा देतं, गेल्या मंगळवारचा देत नाही. त्यामुळे चुकलेली नोंद ही कायमची चुकलेली. ती तुम्ही परत आणू शकत नाही हे मला मान्य आहे, पण म्हणून तिथे अंदाज भरून तो मोजलेल्या आकड्याच्या रांगेत, त्याच रंगात बसवायचा? रिकामी जागा दिसली असती तर मी नऊ हजार खर्च करण्याआधी थांबले असते.

दुसरी गोष्ट पोस्टच्या मोजणीची. 14 ते 20 ऑक्टोबरच्या आठवड्यात याच खात्यावर तुम्ही ‘0 पोस्ट’ दाखवता. मी बोट ठेवून मोजल्या, सात नव्या आहेत. तुम्ही फक्त खात्यावरच्या एकूण पोस्टच्या आकड्याची, म्हणजे `media_count` ची, वजाबाकी करता: 14 च्या सकाळी 612, 21 च्या सकाळी 610, उत्तर उणे आलं की शून्य. त्यांनी नऊ जुन्या पोस्ट काढल्या असणार, चवथीच्या ऑफरच्या तर आता दिसतच नाहीत. प्रत्येक पोस्टवर तारीख-वेळ असते. ती साठवून मोजलंत तर जुनं काढल्याने नवं पुसलं जाणार नाही. आणि फॉलोअर्सचं जमत नसलं तरी हे मागचंही दुरुस्त होईल, निदान ज्या पोस्ट अजून जागेवर आहेत त्यांच्यापुरतं.

तेव्हा 4 ते 13 ऑक्टोबरचे भरलेले आकडे चारही खात्यांतून काढून ती घरं कोरी ठेवा. प्रत्येक नोंदीसमोर ती प्रत्यक्ष कधी घेतली ती वेळ भारतीय वेळेनुसार दाखवा. ऑगस्टपासून अशा आणखी किती नोंदी भरल्या आहेत त्याची यादी मला ईमेलने पाठवा, कारण आता मला कुठल्याच सरळ रेघेवर विश्वास उरलेला नाही. ऑक्टोबरच्या शुल्काचा परतावाही हवा. रीलचे पैसे मी मागत नाही, तो निर्णय माझा होता.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन. 9 तारखेच्या वहीच्या पानाचा फोटो आणि तुमचा अहवाल सोबत जोडला आहे.

आपली,
एक वार्षिक ग्राहक