बाळाची छाती आणि अँटिबायोटिक

कोल्हापुरात तान्ह्या बाळांमध्ये खोकल्याची साथ असल्याची आपली बातमी वाचली. ‘अँटिबायोटिक वेळेत सुरू करा’ हा त्यातील सल्ला मात्र पटला नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला सर्दीनंतर धाप लागून छातीत सूं-सूं आवाज येऊ लागला, तर तो बहुधा ब्रॉन्किओलायटिस असतो. तो विषाणूंमुळे, बहुतेकदा आरएसव्हीमुळे होतो. फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात, चिकट स्रावाने भरतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते. ही सूज त्याने उतरत नाही, जुलाब मात्र लागू शकतात. जिवाणूंचा संसर्गही झाल्याची ठोस शंका असेल तरच ते द्यावे, आणि तसे क्वचितच घडते.

हा आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो. म्हणून पहिल्या दिवशीच्या अँटिबायोटिकच्या बाटलीपेक्षा चौथ्या दिवशीचे दूध पाहणे मोलाचे. समजा, चार महिन्यांचे बाळ एरवी पोटभर पिते, पण आता चार घोट घेऊन धापेमुळे स्तन सोडते, नेहमीच्या निम्मेच दूध पोटात जाते आणि बारा तासांत लंगोट ओला होत नाही. अशा बाळाला दाखल करावे लागते. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. साठच्या वर गेले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. बरगड्यांखाली खोल खड्डे पडणे, कण्हणे, ओठ निळसर होणे किंवा श्वास मध्येच थांबणे दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. तिथेही मुख्य उपचार ऑक्सिजन आणि नळीने दूध किंवा सलाईन हेच असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना याहून लवकर न्यावे.

– एक बालरोगतज्ज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर