दोन्ही वाक्यं काढायला सांग

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेलचा मसुदा वाचला. आईलाही वाचून दाखवला. तिचं म्हणणं, तुझ्या मॅनेजरला चांगलं झापायला हवं होतं. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि फोनवर आपलं बोलणं भांडणावर जातं, म्हणून लिहितो.

तुझ्या वार्षिक मूल्यमापनात त्यानं तुझ्याबद्दल दोन वाक्यं लिहिली आहेत. बलस्थानांच्या रकान्यात: ‘सायली म्हणजे टीमचा प्रसन्न चेहरा. नेहमी नीटनेटकी, क्लायंटसमोर छाप पडते.’ आणि सुधारणेच्या रकान्यात: ‘गेल्या तिमाहीत क्लायंट कॉलवर थकलेली, ओढलेली दिसते. दिसण्याकडे लक्ष द्यावे.’ तुझा सगळा मसुदा या दुसऱ्या वाक्यावर आहे. पहिलं राहू दे, ते चांगलंच आहे की, असं तू खाली मला म्हणून लिहिलं आहेस. ते मला पटलेलं नाही. काढायला सांगायचं तर दोन्ही काढायला सांग.

असं बघ. फक्त दुसऱ्यावर हरकत घेतलीस तर तो काय वाचेल? की दिसण्याबद्दल लिहिलेलं हिला चालतं, फक्त गोड लिहायला हवं. मग वाद तू थकलेली दिसत होतीस की नव्हतीस यावर येईल, आणि त्या वादात तू हरशील. ऑक्टोबरात तू रात्री दोन-दोनपर्यंत जागत होतीस, व्हिडिओ कॉलवर तुझा चेहरा आम्हीही पाहिला आहे. तू थकलेली दिसतच होतीस. पण त्याची नोंद मूल्यमापनात कशाला? हा प्रश्न तुला विचारता यायला हवा, आणि तो स्वतःच्या कौतुकावरही हरकत घेणाऱ्यालाच विचारता येतो. दोन्ही वाक्यांवर बोट ठेवलंस की ती तक्रार राहत नाही, नियमाची मागणी होते.

शिवाय ते पहिलं वाक्य तुझं नुकसानही करतं. तूच सांगितलंस की रेटिंग एकटा मॅनेजर ठरवत नाही. चार-पाच मॅनेजर कॅलिब्रेशनला एकत्र बसतात आणि आपापल्या माणसांची बाजू मांडतात. त्यातल्या तिघांनी तुझं काम कधी पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे तुझ्या नावाखाली जेवढ्या ओळी येतील, तेवढीच तू. एका मुलाबद्दल ‘मायग्रेशन वेळेत पूर्ण केलं’ असं येणार आणि तुझ्याबद्दल ‘प्रसन्न चेहरा’. विमा कंपनीच्या जुन्या पॉलिसींची सगळी माहिती नव्या यंत्रणेत नेताना दोन्हीकडच्या हप्त्यांचा ताळा जुळेपर्यंत कोण बसलं होतं, हे त्या खोलीत कुणालाच कळणार नाही. चेहऱ्यानं ती जागा अडवलेली असेल.

मी नोकरीत असताना गोपनीय अहवाल लिहिले, आणि पुढे पुनर्विलोकन अधिकारी म्हणून दुसऱ्यांनी लिहिलेले तपासले. एका शाखा अभियंत्याच्या अहवालात प्रतिवेदन अधिकाऱ्यानं लिहिलं होतं, ‘व्यक्तिमत्त्व छाप पाडणारे नाही.’ मी कागद परत पाठवला आणि एकच विचारलं: कोणत्या कामात, कधी? चार दिवसांनी उत्तर आलं की ठेकेदारासमोर मोजमाप पुस्तकातल्या नोंदींवर तो ठाम राहत नाही. मग तसं लिहा ना! त्यावर त्या पोराला काही करता येतं. स्वतःच्या नाकाडोळ्यांचं तो काय करणार होता?

सरकारात पूर्वी फक्त प्रतिकूल शेरे कळवायचे. २००८ साली देव दत्त यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असली तरी, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. ते सीमा रस्त्यांच्या खात्यातले अभियंते. एका वर्षी त्यांना ‘चांगला’ शेरा मिळाला, पदोन्नतीला ‘खूप चांगला’ लागत होता, आणि तो ‘चांगला’ त्यांना कुणी दाखवलाच नव्हता. चांगल्या शब्दानं बढती अडते ती अशी. तुझ्या खाजगी कंपनीला हा निकाल लागू नाही. पण तुला सगळं वाचायला मिळालं आहे आणि मूल्यमापनाचा फॉर्म शुक्रवारपर्यंत उघडा आहे, एवढ्या बाबतीत तू त्यांच्या पुढे आहेस.

दुसऱ्या वाक्याचं थोडं वेगळं आहे. त्याच्या पोटात कामाबद्दलचं काही खरं निरीक्षण असू शकतं. कॉलवर तू प्रश्नांना उशिरा उत्तर देत होतीस का? कॅमेरा बंद ठेवून गप्प बसत होतीस का? तसं असेल तर ते लिहायचा त्याला हक्क आहे, आणि तू ते ऐकून घ्यायचंस. अमेरिकेत अ‍ॅन हॉपकिन्स नावाच्या बाईंचा खटला याच गुंत्यावर झाला होता. १९८२ साली प्राइस वॉटरहाऊसमध्ये भागीदारीसाठी ८८ नावं पुढे आली, त्यात बाई त्या एकट्या. सरकारचं अडीच कोटी डॉलरचं काम त्यांनी फर्मला मिळवून दिलेलं. तरी निर्णय लांबणीवर पडला, आणि सल्ला काय मिळाला, तर चालणं-बोलणं-कपडे जरा बायकी ठेवा, मेकअप करा, केस सेट करा, दागिने घाला. हाताखालच्या माणसांशी त्या कडक वागतात, अशीही तक्रार होती, आणि ती निव्वळ बनाव नव्हती. म्हणजे कामाचं आणि दिसण्याचं एकाच कागदावर कालवलं गेलं होतं. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की असं कालवलं असेल, तर दिसण्या-वागण्याच्या साचेबंद अपेक्षा नसत्या तरीही हाच निर्णय झाला असता, हे मालकानं सिद्ध करायचं. पुढच्या वर्षी कोर्टानं त्यांना भागीदार करायचा हुकूम दिला. सात-आठ वर्षं गेली त्यात. आपल्याला ते कालवण शुक्रवारच्या आत निवडायचं आहे.

मसुदा मी असा केला आहे. इंग्रजी तू कर, पण लांबवू नकोस.

‘विषय: वार्षिक मूल्यमापनातील दोन वाक्यांबाबत.

नमस्कार. मूल्यमापन वाचलं. त्यातल्या दोन वाक्यांबद्दल विनंती आहे. बलस्थानांमध्ये “टीमचा प्रसन्न चेहरा. नेहमी नीटनेटकी” आणि सुधारणेमध्ये “थकलेली, ओढलेली दिसते. दिसण्याकडे लक्ष द्यावे” असं आहे. पहिलं कौतुकानं लिहिलं आहे हे मी जाणते. पण दोन्ही माझ्या दिसण्याबद्दल आहेत, कामाबद्दल नाहीत, म्हणून दोन्ही काढावीत. पहिल्याच्या जागी ऑक्टोबरमधल्या मायग्रेशनची नोंद करता येईल: कट-ओव्हर ठरल्या दिवशी झालं, आणि ताळ्यात राहिलेले फरक क्लायंटनं मान्यता देण्याआधी मिटवले. दुसऱ्यामागे कॉलमधल्या माझ्या कामाचं काही निरीक्षण असेल, तर ते कोणत्या कॉलमधलं ते सांगा. ते लिहायला माझी हरकत नाही. यापुढे माझ्या आणि टीममधल्या सगळ्यांच्याच मूल्यमापनात दिसण्याबद्दलचे शेरे नसावेत, अशी विनंती. फॉर्म शुक्रवारी बंद होतो. त्याआधी दुरुस्ती होईल का, ते कळवावं.’

बस. त्याची वाक्यं त्याच्याच शब्दांत उतरव, तुझ्या शब्दांत सांगू नकोस. ‘मला धक्का बसला’ आणि ‘एखाद्या मुलाबद्दल असं लिहिलं असतं का’ या दोन्ही ओळी मी काढल्या. दुसरी खरी आहे, पण तिचं उत्तर ‘हो, लिहिलं असतं’ असं येईल आणि तुझ्याकडे दाखवायला काही नसेल. ‘टीममधल्या सगळ्यांच्याच’ यात ती येऊन जाते.

कायद्याचा उल्लेखही मी ठेवला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, पण दिसण्याबद्दलचा प्रत्येक शेरा त्यात बसत नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बैठकीत एका सहकारी बाईंच्या लांब केसांवरून मारलेल्या शेऱ्याचं प्रकरण आलं होतं. आरोप खरे धरले तरी तो लैंगिक छळ म्हणणं कठीण आहे, असं न्यायालय म्हणालं. तुझी वाक्यं तर त्याहून सौम्य आहेत. पण यातलं काही पुढे वाढलं, अंगाबद्दल बोलणं सुरू झालं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा लक्षात ठेव की अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. मॅनेजरला मेल केला म्हणून ती मुदत थांबत नाही.

एक शंका तो काढू शकेल: क्लायंटसमोर जायचं तर नीट दिसायला नको का? कंपनीचा पोशाखाचा लेखी नियम असेल आणि तू तो मोडला असशील, तर त्यानं तो नियम आणि तो दिवस लिहावा. यंत्राजवळ केस बांधायचे असतात, साइटवर हेल्मेट घालायचं असतं, ते न पाळणाऱ्याला मीही मेमो दिले आहेत. ‘ओढलेली दिसते’ याला कुठला नियम?

मेल आधी त्याला एकट्यालाच पाठव, एचआरला सीसी नको. सीसी पाहिला की माणूस वाक्य दुरुस्त करत नाही, त्याचा बचाव करत बसतो. गुरुवार दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर तोच मेल एचआरला पुढे पाठव आणि फॉर्म पुन्हा उघडता येईल का, एवढंच विचार. आणि फॉर्मवरचं ते ‘अ‍ॅकनॉलेज’चं बटण तू इतक्यात दाबू नकोस. तुमच्याकडे त्याचा अर्थ ‘वाचलं’ असाच असला, तरी बऱ्याच ठिकाणी ते दाबल्यावर कर्मचाऱ्याच्या अभिप्रायाचा रकाना बंद होतो. शेवटी काहीच बदललं नाही तर त्या रकान्यात दोन ओळी टाक: ही वाक्यं दिसण्याबद्दल आहेत, ती काढण्याची विनंती अमुक तारखेला केली होती. पुढचा मॅनेजर तेही वाचेल.

तो चिडणारच नाही असं मी म्हणत नाही. पगारवाढीच्या वेळी हे आठवेल, अशी भीती आईला आहे, मलाही थोडी आहे. तोंडावर कुणी काही बोलत नाही. क्लायंटच्या कॉलची आमंत्रणं हळूहळू यायची बंद होतात, ठरलेलं काम न सांगता दुसऱ्याकडे जातं. म्हणून आत्ता तुझ्याकडे कोणकोणती कामं आहेत, कोणत्या कॉलवर तू असतेस, याची यादी आजच्या तारखेनं करून ठेव. गरज पडली नाही तर फाडून टाक.

मेल गेला की मला फोन कर. रात्री दहाच्या आत कर, आई नंतर फोन सायलेंटवर टाकते.

तुझा,
बाबा