सोप्या मराठीत अट बदलू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत मोटार विम्याच्या अटी ‘सोप्या मराठीत’ सांगणारे संदेश फिरू लागतात. विमा प्रतिनिधी म्हणून काम करताना त्यातले एक वाक्य मला दरवेळी खटकते: ‘पुरात इंजिन गेले तर क्लेम मिळत नाही.’ कारच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीलाही संरक्षण देणाऱ्या विम्यात, असे लिहिलेले नसते. उलट पुराने झालेले नुकसान त्यात धरलेले असते. वगळलेले असते ते परिणामी नुकसान, म्हणजे मूळ घटनेतून थेट न होता तिच्या परिणामातून पुढे झालेले नुकसान, तसेच झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड. शिवाय एक अट आहे: अपघात किंवा बिघाड झाल्यावर आवश्यक दुरुस्तीआधी वाहन चालवले, तर त्यामुळे वाढलेले नुकसान विमाधारकाच्या जोखमीवर.

समजा, गावभागात उभ्या असलेल्या कारमध्ये सीटपर्यंत पाणी चढले. पाणी ओसरल्यावर मालकाने गाडी सुरू करून पाहिली. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सीट, वायरिंग आणि गाळ काढण्याचा खर्च ६०,००० रुपये आला, इंजिनाचा १,२०,०००. तो संदेश वाचलेला माणूस सगळेच गेले असे समजून क्लेमच करत नाही. मूळ मजकूर पाहिला तर वाद फक्त इंजिनाच्या १,२०,००० चा आहे. उरलेल्या ६०,००० मधून घसारा आणि सक्तीची वजावट जाऊन जे राहते, ते त्याने मागायलाच हवे.

इंजिनाबाबतही घाई नको. अटीत शब्द ‘चालवले’ असा आहे, ‘सुरू केले’ असा नाही. जागेवर सुरू केल्याने झालेली हानी कंपन्या बहुधा ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारतात, आणि वाद तिथेच होतो. म्हणून ‘पाणी शिरलेली गाडी सुरू करू नका, टो करून गॅरेजला न्या’ हे जरूर सांगावे, पण सल्ला म्हणून. तो पॉलिसीची अट म्हणून छापला की कंपनीने न घातलेली अट आपणच ग्राहकाच्या गळ्यात मारतो.

याच्या उलट, ‘इंजिन प्रोटेक्ट घेतले की सगळे मिळते’ असे सांगणारे आमचे व्यवसायबंधूही आहेत. या जादा संरक्षणाला स्वतःच्या अटी असतात, आणि त्या कंपनीगणिक बदलतात. त्या न वाचता असा शब्द देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

माझी कंपन्यांना आणि प्रतिनिधींना विनंती आहे की मराठी पत्रकात प्रत्येक वाक्यापुढे मूळ पॉलिसीतला कलम क्रमांक द्यावा. ‘मर्यादित’, ‘वाढलेले’, ‘दुरुस्तीआधी’ असे शब्द वाक्य लांबते म्हणून गाळू नयेत. क्लेम नाकारल्याचे पत्र हाती आले की ग्राहकाला तोच क्रमांक काढून दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचता येतील.

आपला,
एक विमा प्रतिनिधी, सांगली