तुझ्या वहीतले एकवीस दिवस

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. सोबत पाठवलेले वहीच्या पानांचे फोटोही पाहिले, आणि एकदा नाही, तीनदा पाहिले. हस्तमैथुनाने ताकद जाते ही तुझी भीती अकरा वर्षांच्या मैत्रीत तू पहिल्यांदा बोललास. लिहिताना किती वेळा कागद फाडला असशील याचा मला अंदाज आहे, कारण विशीत असताना मीसुद्धा अशीच वही ठेवली होती. तेव्हा मी डॉक्टर नव्हतो आणि विचारायला कुणी नव्हतं. म्हणून आज तुला सगळं सविस्तर लिहितो.

तुझा पहिला प्रश्न असा की हस्तमैथुन किती वेळा केलेलं चालतं. आठवड्यातून दोनदा की महिन्यातून दोनदा? सुहास, वैद्यकशास्त्रात असा आकडाच नाही. कुणी रोज करतं, कुणी आठवड्यातून दोन-तीनदा, कुणी महिन्यातून एकदा, कुणी कधीच नाही, आणि या सगळ्यांची शरीरं निरोगी असतात. स्त्रियाही करतात आणि लग्न झालेलेही करतात. एकाच माणसाचं प्रमाण वयानुसार, ताणानुसार, एकटेपणानुसार बदलत राहतं. तुझ्या वहीत एकवीस दिवसांत अकरा फुल्या आहेत. सत्तावीस वर्षांच्या अविवाहित माणसाच्या बाबतीत या आकड्याकडे मी दुसऱ्यांदा बघणारही नाही.

पण तू म्हणतोस की आकडा राहू दे, माझी कंबर दुखते, डोकं चालत नाही, ताकद गेली आहे, हे तर खरं आहे ना? हो, खरं आहे. तुला होणारा त्रास कल्पनेतला नाही. प्रश्न एवढाच की तो येतो कुठून. आणि त्याचं उत्तर तूच वहीत लिहून ठेवलं आहेस.

फुलीशेजारी तू रोजच्या थकव्याला दहापैकी गुण दिलेस आणि झोपेची वेळही लिहिलीस, हे फार चांगलं केलंस. आता माझ्याबरोबर ती पानं पुन्हा बघ. पहिल्या सात दिवसांत पाच फुल्या आहेत आणि थकवा चार-पाचच्या आसपास. सहाव्या रात्री फुली आहे, पण त्या रात्री तू अकरालाच झोपलास आणि सातव्या दिवशी चार तास क्रिकेट खेळलास. थकवा किती लिहिलास? दोन. त्यानंतर आठव्या दिवशी तू शपथ घेतलीस. आठ ते पंधरा एकही फुली नाही. तुझ्या समजुतीप्रमाणे या आठ दिवसांत ताकद साठायला हवी होती. पण थकवा पाच, सहा, सात असा चढत गेला. बाराव्या दिवशी आठ आहे आणि शेजारी तू लिहिलंस, 'रात्री अडीचपर्यंत मोबाइलवर लक्षणं वाचली.' तेराव्या रात्री स्वप्नदोष झाला आणि चौदाव्या दिवशी थकवा नऊ, एकवीस दिवसांतला सर्वांत वाईट. शेवटच्या सहा दिवसांत शपथ मोडली, रोज फुली आली, रोज एक-दोनपर्यंत जागरण झालं आणि थकवा आठवर अडकून बसला.

फुल्यांवर हात ठेवून फक्त झोपेचा रकाना आणि थकव्याचा रकाना वाच. दोन्ही एकमेकांना धरून चालतात. फुल्या तशा चालत नाहीत. तुला थकवणारी गोष्ट म्हणजे रात्री अंधारात पडून 'आज किती गेलं' याचा हिशेब करणं. त्या हिशेबात झोप जाते, स्नायू आखडतात, छाती धडधडते, आणि सकाळी जड झालेली कंबर पुन्हा पुरावा म्हणून उभी राहते. चौदावा दिवस तर बघच. झोपेत आपोआप झालेल्या गोष्टीने तुला सर्वांत जास्त थकवलं, कारण शपथेच्या काळात तो सर्वांत मोठा पराभव वाटला. स्वप्नदोष हा शब्दच चुकीचा आहे, त्यात दोष काही नाही.

या दुखण्याला मनोविकारशास्त्रात नाव आहे. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये त्याला धात सिंड्रोम म्हटलं. वीर्य जातंय या भीतीने थकवा, कंबरदुखी, विसराळूपणा, उदासी आणि लैंगिक दुबळेपणाची शंका घेऊन येणारे पुरुष त्यांनी पाहिले होते. पण ही भीती काही आपल्याच मातीतली नाही. सॅम्युएल ऑगस्ट तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने अठराव्या शतकात हस्तमैथुनावर एक पुस्तक लिहिलं. १७६० मध्ये ते फ्रेंचमध्ये आलं आणि युरोपभर वाचलं गेलं. एक औंस वीर्य गमावणं म्हणजे चाळीस औंस रक्त गमावणं, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडचं 'चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब' तू ऐकलंच आहेस. दोन वेगळ्या जगांत तोच चाळीसचा आकडा, आणि दोन्हीकडे कुणी मोजून पाहिलेलं नाही.

आपण मोजू. एका वेळी साधारण दोन ते पाच मिलिलिटर वीर्य बाहेर येतं. तुझ्यासाठी तीन धरू. अकरा वेळा म्हणजे तेहतीस मिलिलिटर. चाळीसने गुणलं तर एक हजार तीनशे वीस, म्हणजे तीन आठवड्यांत सव्वा लिटरहून जास्त रक्त. रक्तदानात एका वेळी साडेतीनशे मिलिलिटर घेतात आणि पुरुषाला पुढच्या रक्तदानासाठी तीन महिने थांबवतात. तो नियम खरा असता तर तू आतापर्यंत पांढराफटक पडला असतास, जिना चढताना धापा टाकल्या असत्यास. तू पाठवलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन १४.८ आहे. सुहास, तुझं रक्त कुठेही गेलेलं नाही.

मग वीर्य असतं तरी काय? त्यातला बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव असतो. पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं, काही क्षार. शुक्राणू त्यात काही टक्केच असतात, आणि ते वृषणात दिवसरात्र तयार होत राहतात. एक शुक्राणू घडायला दोन-अडीच महिने लागतात, पण ती घडणावळ कधी थांबत नाही. बाहेर पडले नाहीत तर ते आतच जुने होऊन मोडतात आणि शरीर त्यांना शोषून घेतं. साठवून ठेवायची तिजोरी तिथे नाहीच. वीर्याच्या तपासणीआधी दोन ते सात दिवसच थांबायला सांगतात, कारण फार दिवस थांबलं तर सुस्त आणि मृत शुक्राणूंचं प्रमाण वाढतं.

लघवीतून 'धात जाते' असं तू लिहिलंस. कधीकधी लघवी दुधासारखी गढूळ दिसते, ते बहुतेकदा फॉस्फेटचे क्षार असतात. प्रयोगशाळेत त्यात व्हिनेगरसारखं आम्ल टाकलं की ती स्वच्छ होते. शौचाला जोर करताना येणारे चिकट थेंब ग्रंथींचे असतात. मात्र जळजळ, पू, रक्त किंवा ताप असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. मग न लाजता तपासून घ्यायचं.

आता खरे परिणाम. नंतर थोडा वेळ सुस्ती येते, कारण त्या क्षणानंतर प्रोलॅक्टिनसारखे हार्मोन वाढतात. म्हणून काहींना पटकन झोप लागते. ताण उतरतो. डोळे, केस, स्मरणशक्ती, उंची, मूल होण्याची क्षमता यांच्याशी याचा काही संबंध नाही. फायद्याचे दावेही मी फुगवणार नाही. अमेरिकेत सुमारे बत्तीस हजार पुरुषांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. महिन्यात एकवीस किंवा अधिक वेळा वीर्यस्खलन होणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण महिन्याला चार ते सात वेळावाल्यांपेक्षा सुमारे वीस टक्के कमी दिसलं. पण हा दोन गोष्टींतला संबंध झाला, औषध नव्हे. त्यासाठी फुल्या वाढवायची गरज नाही.

अपाय होऊ शकतो तो पद्धतीने. फार घट्ट पकड, कोरडं घर्षण, किंवा पालथं पडून अंथरुणावर दाब देणं. त्याने त्वचा सोलवटते, सुजते. वर्षानुवर्षं त्याच एका दाबाची सवय लागली तर जोडीदाराबरोबर स्खलन होत नाही किंवा फार उशीर लागतो. लग्नानंतर जमेल का ही तुझी भीती यातूनच आली असेल, तर उपाय सोपा आहे: पकड सैल, घाई कमी, थोडं वंगण. काही आठवड्यांत शरीर नवी सवय धरतं.

व्यसन झालंय का, हेही तू विचारलंस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. त्यात अनावर लैंगिक वर्तनाचा विकार आहे, पण त्याची कसोटी संख्येची नाही. इच्छा आवरता न येणं दीर्घकाळ, सहा महिने किंवा जास्त, चाललेलं हवं आणि त्यापायी नोकरी, नाती, तब्येत कोलमडलेली हवी किंवा मोठा मानसिक त्रास हवा. त्यात एक वाक्य तुझ्यासाठी लिहिल्यासारखं आहे: त्रास जर केवळ 'हे पाप आहे' या समजुतीमुळे होत असेल, तर तेवढ्यावर हा विकार ठरत नाही. तू एकही दिवस कामाला दांडी मारली नाहीस, कुणाशी संबंध तोडला नाहीस. शेवटच्या सहा दिवसांतल्या रोजच्या फुल्या शपथेच्या ताणातून आल्या. अपराधीपणा चढतो, तो सहन होत नाही, आणि तो उतरवायला माणूस पुन्हा तिथेच जातो.

तुझा अपराधीपणा मी तर्काने पुसून टाकेन असं मी समजत नाही. लहानपणापासून ऐकलेलं एका पत्राने जात नाही. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना छापून उत्तरं देत. त्यावरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड भरावा लागला. तुझ्या पत्रातली लाज किती जुनी आहे ते यावरून कळावं. आणि तुला मनापासून हे नको असेल, तर न करण्यातही काही बिघडत नाही. फक्त न करणं भीतीपोटी नसावं.

आता तू काय करायचं ते लिहितो. तू घेतोस ती 'ताकदीची' पावडर आजच बंद कर. अशा बिनलेबलच्या औषधांत कधीकधी शिसं आणि पारा सापडतो, यकृत आणि मूत्रपिंडं त्याने खराब होऊ शकतात. थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व आणि उपाशीपोटी साखर तपासून घे, कारण थकव्याला साधं कारणही असू शकतं. पुढचे तीन आठवडे वही ठेव, पण फुल्या मारू नकोस. झोपेची वेळ, उठायची वेळ आणि थकवा, एवढे तीनच रकाने. रात्री अकरानंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत. तरीही उदासी उतरली नाही, सकाळी उठावंसं वाटलं नाही, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊ. मी येईन सोबत. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत, लागलीच तर औषधंही आहेत, आणि दोन्हींनी गुण येतो.

रक्ताचे रिपोर्ट आले की फोटो पाठव. वहीची नवी पानंही पाठव.

तुझाच,
अनिरुद्ध