काळ्या चंद्रकळेचा निकाल

फोंडा, सोमवार

प्रिय कुंदे,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे आणि मग वाच. तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, चालायचंच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीच चंद्रकळा नेसले होते. दारात पाय ठेवते न ठेवते तोच विमलवहिनी म्हणते, "गो, बरं नाही का तुला?" मग तिची सून, मग शेजारीण. मी चांगली ठणठणीत! हे तुलाच कळेल. काळ्या रंगावरून कॉलेजात अबोला धरणाऱ्या आपण दोघीच.

दुसऱ्या दिवशी पावडर-काजळ पुसून आरसा बाल्कांवात नेला. ऊन नको, नुसता उजेड हवा. हनुवटीखाली आधी चंद्रकळा धरली, मग कोळशी, म्हणजे गडद करड्या रंगाची साडी. बघायचं साडीकडे नाही, तोंडाकडे. काळ्याने डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि नाकाच्या कडेच्या रेषा गडद झाल्या. कोळशीने त्या निवळल्या.

कारण सरळ आहे. पूर्वी केस काळेभोर, भुवया दाट, म्हणून काळ्या साडीला वर जोड होती. आता केस निम्मेअधिक पिकले, भुवया विरळ झाल्या, ओठांचाही रंग उतरला, आणि मी मुळात गोरी; म्हणजे तोंडावर गडद असं काही उरलंच नाही. फोनवर फोटो काढून त्यातले रंग काढून टाकले, तर केस आणि कातडी जवळजवळ सारखीच करडी, आणि खाली साडी म्हणजे डांबराचा डाग. नजर आधी तिथेच जाणार.

पण सौम्य म्हणजे फिका नव्हे हं. भाचीची पिस्ता ओढणी खांद्यावर टाकली तर चेहराच नाहीसा झाला! रंग आपलाच ठेवायचा, फक्त एक पायरी उतरायची: काळ्याऐवजी कोळशी किंवा गडद निळा, बॉटल ग्रीनऐवजी शेवाळी. आणि म्हापशाच्या दुकानातल्या ट्यूबलाईटवर विश्वास ठेवायचा नाही, साडी पायरीवर नेऊन बघायची. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

चंद्रकळा काही टाकणार नाही. तोंडाजवळ जे असतं त्याचाच काय तो प्रश्न. डाळिंबी ब्लाऊज घालीन आणि लाल काठ गळ्याशी येईल असा पदर घेईन.

आता तू हसत असशील. पण तुझं गणित उलटं आहे. तू सावळी आणि केस पांढरेशुभ्र, त्यामुळे तुझ्या चेहऱ्यात उठाव वाढलाच आहे. तुला ही पायरी उतरायची गरज नाही. तो भडक राणी रंग आता तुला खुलून दिसेल. गॅदरिंगला मात्र तो भयंकर दिसत होता, हे मी मरेपर्यंत म्हणेन.

नीलूच्या घराचं काम कुठवर आलं? भाऊजींची पेन्शन सुरू झाली का? शिमग्याला येच. आणि सोलं संपली असतील तर कळव, धाडते.

तुझी,
शालू