तिची न टाकलेली पत्रं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी वहिनी गेल्यापासून तिच्या कपाटाला मी हात लावला नव्हता. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून चार दिवसांपूर्वी लुगडी उन्हात घालायला काढली, तर तळाशी निळ्या आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा मिळाला. वर माझं नाव, आपल्या लालबागच्या खोलीचा पत्ता. पण एकावरही टपालाचा शिक्का नाही. म्हणजे लिहून तिने ती टाकलीच नव्हती.

दमट हवेनं डिंक धरून बसला होता. वाफ दिली असती तर शाई उतरली असती, म्हणून पातळ सुरीनं कडेकडेनं एकेक सोडवलं. तारीख कुठंच नाही. लावणी, गणपती, कापणी असे उल्लेख बघून मी ती क्रमानं लावली. बहुतेक सगळी १९८२ ची, आपल्या गिरणी संपातली.

त्या वर्षी गणपतीनंतर तिचं पत्र आलेलं तुला आठवत असेल. 'सण चांगला झाला, काळजी नसावी.' तूच ते खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं होतंस. त्याच दिवसांतलं कपाटातलं पत्र वेगळंच सांगतं. पाच दिवसांचा गणपती तिने दीड दिवसावर आणला होता. पाटल्या सोनाराकडे गहाण पडल्या होत्या. मला मात्र म्हणाली होती की लावणीच्या चिखलात रुततात म्हणून काढून ठेवल्यात. धाकटीला ताप होता, औषधाला पैसे नव्हते, मनीऑर्डरची वाट बघून बघून पोस्टमनची सायकल दिसली तरी ती आत निघून जायची.

मग लिहिलंय, 'तुमचं पत्र खोलीत सगळ्यांदेखत वाचतात. तुमची मान खाली जाईल. हे ठेवून देते, दुसरं लिहिते.'

मित्रा, त्या खोलीत गावचं कुठलंही पत्र आलं की ते सगळ्यांचंच असायचं. वीसजण वळकट्या टाकून बसायचे आणि ऐकायचे. आपल्याला त्याचा किती आधार वाटायचा! पण गावाकडं बसून तिला ती वीस माणसं दिसत होती. म्हणून ती प्रत्येक वेळी दोन पत्रं लिहायची, एक खोलीसाठी आणि एक माझ्यासाठी. माझं मला आता मिळालं. चार दिवस मी दुसरं काही केलेलं नाही, आणि तिच्याशी इतकं बोलणं आमचं कधी झालं नव्हतं.

तुला लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. कापणीआधीच्या पत्रात तुझी आई आहे. घरातलं भात संपलं तेव्हा ती तिन्हीसांजेला मागच्या दारानं आली, पायलीनं न मोजता भाताची गोणी ओतून गेली, आणि 'मुंबईला कळवू नकोस, दोघंही पोरं उपाशी झोपतील' असं बजावून गेली. वहिनीनं शब्द पाळला. आमच्याकडून ते भात परत गेलं की नाही, पत्रात नाही.

तुझ्या आईनं तुला कधी काही सांगितलं होतं का? आठवून कळव. ते पान मी जपून ठेवलंय, आलास की तुझ्या हातात देतो.

तुझाच,
खोलीतला शेजारी